एका बिडीत सांगा

पीरसाब माणूस चांगला होता की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण लांबण लावणारा होता, एवढं मी सिद्धेश्वराच्या पायरीवर उभी राहून सांगेन. त्याला वेळ विचारली तर तो आधी घड्याळ कुणी दिलं ते सांगायचा. मग देणाऱ्याची तब्येत. तोवर आपली वेळ निघून गेलेली असायची.

साखर पेठेत त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन कर्णे, एक मशीन, एक मोटारीची बॅटरी, एक टांगा आणि शबनम नावाची घोडी. टांग्याच्या टपावर कर्णे बांधायचे, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात माइक, आणि गावभर पुकारत फिरायचं. सर्कस आली, पीरसाब. कुणाची शेळी हरवली, पीरसाब. पाणी येणार नाही, पीरसाब. आवाज मात्र देवानं फुरसतीत दिलेला. नुसता खाकरला तरी पोरं गल्लीत धावायची.

मी बाळाबाई. त्या वेळी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, आमच्या बिडी कामगार बायकांच्या घरकुल सोसायटीची सेक्रेटरी होते. सेक्रेटरी का, तर सातवी पास होते आणि भांडायला घाबरत नव्हते. सोसायटीत नव्वद बाया. सगळ्या बिड्या वळणाऱ्या, मराठी, तेलुगू, कानडी, मुसलमान, सगळ्या. लिहिता-वाचता येणाऱ्या अकरा. बाकीच्यांचा अंगठा.

आम्हाला कुंभारीच्या बाजूला घरांसाठी जागा मिळणार होती. अट एकच. सरकारी साहेबांच्या समोर सभा व्हायची आणि नव्वदपैकी साठ बायांनी हात वर करून जागा पसंत म्हणायची. महिनाअखेरपर्यंत हे झालं नाही तर जागा दुसऱ्या सोसायटीला. मी तेव्हा दिराच्या घरात, पडवीत, दोन पोरींना घेऊन झोपत होते. जाऊबाई रोज सकाळी माझ्या अंथरुणावरून पाय टाकून जायची आणि म्हणायची, "सेक्रेटरीणबाई, उठा." म्हणून त्या साठ हातांची मला किती निकड होती, ते मी वेगळं सांगत नाही.

सभा ठरली रविवारी सकाळी अकराला, शाळेत. शनिवारी दुपारी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. साहेबांना जमत नाही, मंगळवारी दुपारी चारला येतील. का जमत नाही ते लिहिलं नव्हतं. साहेबच ते, त्यांना कोण विचारणार?

मी तशीच पदर खोचून पीरसाबकडं गेले. "पीरसाब, सभा मंगळवारी चारला केलीय. एवढं पुकारा."

"एवढंच ना? बाळाबाई, तुमी घरी जाऊन च्या प्या."

मी घरी गेले आणि चहा प्याले. तीच चूक झाली.

पीरसाबनं काय पुकारलं, ते मी रविवारी शाळेच्या मैदानात शब्दन् शब्द ऐकलं, कारण गोजरबाईनं ते मला करून दाखवलं. गोजरबाई साठीची, तोंडानं फटकळ, नकला करण्यात पटाईत. "तमाम माता-भगिनींना पीरसाबचा सलाम, नमस्कार, शरणार्थी! सर्वांना कळवण्यात अत्यंत खेद होतो की, आपल्या लाडक्या सोसायटीची रविवारी, सकाळी, ठीक अकरा वाजता, शाळेच्या भव्य पटांगणात होणारी विराट सभा..." मुसलमान बायांना सलाम, मराठी बायांना नमस्कार, लिंगायत बायांना शरणार्थी, असं करत इथपर्यंत आलं की टांगा गल्लीच्या बाहेर. पुढचं, म्हणजे काही अपरिहार्य कारणामुळं वगैरे, पुढच्या गल्लीला. आणि मंगळवार, चार वाजता हे कुणाला ऐकू आलं असेल, तर ते मिलच्या भिंतीला.

रविवारी अकराला चाळीस बाया हजर, मला बोलवायला एक पोर धाडलं. ज्यांच्या सभा लक्षातही नव्हती, त्यांना पीरसाबनं बरोबर आठवण करून दिली होती. बारा मैल ओरडून फिरला आणि जुनीच वेळ पक्की करून आला! ईरम्मा तर तापाच्या पोराला खांद्यावर टाकून आली होती. तिनं कानडीत मला जे ऐकवलं ते मला समजलं नाही, आणि तेच बरं झालं. गोजरबाई म्हणाली, "बाळाबाई, रविवार म्हंजी आमाला एकच दिस धुण्याचा. त्यो तुमी घालवला. आता मंगळवार म्हना न्हायतर बुधवार, मी न्हाय येत." बाकीच्यांनी माना हलवल्या. चाळीस बाया तणतणत गेल्या आणि मी त्या रिकाम्या मैदानात बोंबलत बसायची तेवढी राहिले.

तिथून मी तरातरा पीरसाबच्या घरी गेले. तो जेवून आडवा झाला होता. मी त्याला उठवला. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो डोळे चोळत म्हणाला, "आवाज तर लई चांगला लागला होता."

"आग लागो त्या आवाजाला! आता बाया रुसल्यात. साहेब मंगळवारी येतोय. साठ हात कुठून आणू? तुमचे दोन आणि शबनमचे चार?"

कोपऱ्यात त्याची बायको मदिनाबी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. ती पण आमच्या सोसायटीची सभासद. बारीक, काळीसावळी, डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. कारखान्यात माल द्यायला आली की रांगेत उभी राहून हळूच असं काही बोलायची की अख्खी रांग हसायची, आणि ही मात्र गंभीर. घरी पीरसाबसमोर तिला बोलायला जागाच मिळत नसे. कुठून मिळणार?

पीरसाबला एक सुचलं. त्याच्या मेव्हण्यानं कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता, तो पीरसाबनं मागून घेतला होता. म्हणाला, "टेपमध्ये एकदा नीट भरतो. मग तेच गल्लीगल्लीत लावतो. माइक टेपच्या तोंडाशी धरला की झालं. म्हंजी चुकणार न्हाय."

त्यानं बटण दाबलं. "तमाम माता-भगिनींना..."

"बंद करा," मी म्हणाले.

पुन्हा दाबलं. "बंधू आणि भगिनींनो, आज या ठिकाणी..."

"कुठल्या ठिकाणी? टांग्यात?"

तिसऱ्यांदा त्यानं खरंच थोडक्यात आवरायचं ठरवलं. सभा का पुढं गेली, साहेब किती मोठा आहे, कुंभारीची हवा किती चांगली आहे, हे सगळं थोडक्यात सांगितलं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. चार मिनिटं.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. मदिनाबीनं हातातली कात्री थांबवली नाही, मान वर केली नाही.

"तुमचा टांगा आपल्या दारावरनं जातो, तेवढ्यात माझी एक बिडी होते. एकच. एका बिडीत सांगा."

पीरसाब म्हणाला, "एका बिडीत काय होतंय?"

"पान कापून होतं, तंबाकू भरून होतं, दोरा बांधून होतो. तुमचा सलाम तेवढा होत न्हाय."

मी हसले. बरं वाटलं, दिवसभरात पहिल्यांदा. म्हटलं, "मदिनाबी, तू सांग. तू काय म्हणशील?"

तिनं एक बिडी पुरी केली आणि मग बोलली. "पयलं, कोण बोलतंय ते. मग चुकलं म्हनायचं, बाया रुसल्यात न्हवं. मग काय हाय आनि कवा हाय. मग या म्हनायचं. आनि जाताना परत कवा हाय. ज्या बाईला पयलं ऐकू आलं न्हाय, भांडं घासत होती, ती दारात येईपर्यंत टांगा पुढं गेला, तिला शेवटचं तरी ऐकू येतं. बाकी काय पाहिजे?"

मी कागद घेतला. सेक्रेटरी आहे ना! मी लिहिलं, रविवारची अकराची सभा रद्द झाली असून... तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पीरसाबचीच बहीण.

"रविवार कायकू? अकरा कायकू? जे न्हाय त्याचं नावच घेऊ नका. बाई अर्धं ऐकती. अर्ध्यात रविवार आला तर परत रविवारी येती."

मी खोडलं. साहेबांच्या अडचणीविषयी एक ओळ होती, तीही तिनं काढायला लावली. "साहेबाला अडचन आली तर आपल्याला काय? बाईला घर पाहिजे, साहेब न्हाय पाहिजे."

मग पीरसाबला म्हणाले, "हं, भरा." त्यानं कागद बघितला, दोनदा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय पुकारणं हाय? ह्याला कोण थांबंल? आणि 'मी तुमच्यातलीच, बिड्या वळणारी' असं मी म्हनू?"

तेवढ्यात त्या दोघांच्याही लक्षात आलं आणि माझ्याही. हे बाईनंच म्हणायला हवं होतं. मी म्हणायला तयार होते, पण मदिनाबी मान खाली घालून म्हणाली, "बाळाबाई, तुमी बोलला की बायांना वाटतं तुमी भांडताय." खरं होतं ते. मला रागही आला नाही, म्हणजे थोडाच आला.

पीरसाबनं दार लोटून घेतलं. मग हळू म्हणाला, "आपल्या घरातल्या बाईचा आवाज कर्ण्यावर? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या," मी म्हणाले. "तुमच्या आवाजानं चाळीस बाया रुसल्यात. तिच्या आवाजानं साठ आल्या तर तिला बी घर मिळंल, आनि तुमी बी त्याच घरात झोपाल."

तो बराच वेळ घोडीला चारा घालत राहिला. परत आला आणि म्हणाला, "नाव घ्यायचं न्हाय." मी म्हटलं, "नाव नाही घेत." आणि त्यानं बटण दाबलं.

मदिनाबीनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, टेपसमोर बसली आणि बोलली. रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईशी बोलावं तसं.

"बायांनो, मी तुमच्यातलीच, बिड्या वळणारी. काल तुमाला हेलपाटा झाला, आमचं चुकलं, राग धरू नका. घराच्या जागंची सभा मंगळवारी, दुपारी चार वाजता, शाळंत हाय. तुमचा एक हात लई मोलाचा हाय. मी दारात तुमची वाट बघत उभी ऱ्हाते, या. मंगळवारी. दुपारी चार वाजता."

बस. एवढंच. पीरसाब बटण बंद करायचं विसरला. टेपमध्ये पुढं त्याचा उसासा पण भरला.

टांगा चालताना टेप मागं फिरवत बसायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून तिनं तेच ओळीनं पुन्हा पुन्हा म्हटलं, कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत. पन्नास-साठ वेळा तरी असेल. एकदाही शब्द इकडचा तिकडं नाही. दुसरा कुणी असता तर दहाव्या वेळी पोपटासारखा बोलायला लागला असता. ही प्रत्येक वेळी नव्या बाईशी बोलत होती.

सोमवारी टांगा फिरला, जोडभावी पेठ, पाच्छा पेठ, सगळीकडं. कर्ण्यावर बाईचा आवाज, हे आमच्या गल्ल्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बाया हातातलं काम टाकून दारात आल्या. ईरम्मा मला संध्याकाळी म्हणाली, "माणूस घरी येऊन सांगितल्यावाणी वाटलं." गोजरबाई म्हणाली, "कोण हाय गं ती? लई गोड बोलती." मी म्हटलं, मंगळवारी बघ. मला वाटलं, जिंकलो.

पण पीरसाब चहाच्या टपरीवर थांबला होता, तिथं चार रिकामटेकडे जमले होते. एकजण म्हणाला, "पीरसाब, आता तुमी घोडी सांभाळा, बाई धंदा सांभाळंल." दुसरा म्हणाला, "परत एकदा लावा की ते, या म्हनती ते." सगळे खिदळले. हे मला नंतर कळलं.

मंगळवारी पावणेचारपासून बाया यायला लागल्या. कारखान्यात माल देऊन थेट, काखेत रिकामं सूप, हाताला तंबाखूचा वास. मी शाळेच्या फाटकात उभी राहून मोजत होते. वीस. छत्तीस. एकावन्न. चारला पाच मिनिटं कमी असताना सत्तरच्या वर! मला नाचावंसं वाटत होतं. साहेब पण आला होता, शिवयोगी नावाचा, तेल लावून भांग पाडलेला. आत खुर्चीवर बसून म्हणाला, "साडेचारला माझी मोडनिंबची गाडी आहे."

पण बाया फाटकाच्या आत येईनात.

"चला की आत," मी म्हणाले.

गोजरबाई म्हणाली, "ती कुटं हाय?"

"कोण ती?"

"बोलवणारी. दारात उभी ऱ्हाते म्हनली होती."

"मी उभी आहे की!"

"तू न्हवं. तुजा आवाज मला ठावा हाय. तू वराडतीस."

मागून चार-पाच जणी म्हणाल्या, व्हय, ती कुटं हाय? बोलावणं करायचं आणि दारात उभं राहायचं नाही, ही कुठली रीत? लग्नाला बोलावून यजमानीण घरात लपून बसली तर कुणी उंबरा ओलांडतं का? परवा एकदा फसवलं, आज परत फसवलं. आणि सत्तर बाया, माझ्या डोळ्यांदेखत, शाळेच्या भिंतीच्या सावलीत रस्त्यावर बसल्या. दोघी तर उठून चालायलाच लागल्या.

 समोर पडवी दिसली, जाऊबाईचे पाय दिसले.

पीरसाब रस्त्याच्या पलीकडं टांगा लावून उभा होता. मी तिकडं धावले. "मदिनाबी कुठाय?"

"घरी."

"का?"

तो घोडीच्या मानेकडं बघत होता. "काल लोक हसले. मी म्हनलो, आवाज दिलास तेवढा बास, आता तोंड दाखवायला जाऊ नको. लोक म्हनतील हीच ती."

"मग म्हणू देत की हीच ती! तिनं दारात उभी राहते म्हणून सांगितलंय. पन्नास वेळा सांगितलंय, तुमच्याच टेपात. आज तिचा शब्द खोटा पडला तर उद्या रांगेत तिनं तोंड कसं दाखवायचं? पीरसाब, चार टवाळांनी दात काढले म्हणून सत्तर बायांची घरं घालवणार का तुम्ही?"

त्यानं काय केलं असेल? माइक काढला! सवयच ती. मशीन चालू केलं आणि गरजला, "तमाम माता-भगिनींना नम्र विनंती आहे की, आपण सर्वांनी शांततेने..." सत्तर बाया एकदम ओरडल्या, "बास!" शबनम बिचकून दोन पावलं मागं सरली. अख्ख्या आयुष्यात त्याला कुणी एवढ्या जोरात गप्प केलं नसेल. त्यानं माइक खाली ठेवला. तोंड एवढंसं झालं होतं. मला त्याची कीव आली नाही, तेव्हा तर नाहीच.

मग तो टांग्यात चढला आणि घोडीला पहिल्यांदा चाबूक लावला.

ती पंधरा-सतरा मिनिटं मी कशी काढली ते मला माहीत. आत साहेब घड्याळ बघत होता. मी त्याला चहा दिला, मग पाणी दिलं, मग परत चहा दिला. चार वाजून तेवीस मिनिटांनी टापांचा आवाज आला.

मदिनाबी घाईत उतरली. हाताला तंबाखू, पदराला पानांचा चुरा. काम करत बसली होती घरात, रडत रडत काम करत बसली होती, डोळ्यांवरून कळत होतं. ती सरळ फाटकात जाऊन उभी राहिली. लोकांकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं नाही. रस्त्यावर बसलेल्या बायांकडं बघितलं.

"उशीर झाला माझ्याकडनं. या."

गोजरबाई पहिली उठली, गुडघ्यावर हात देत. जवळ येऊन तिनं मदिनाबीचा चेहरा नीट निरखला. "व्हय, हीच ती," म्हणाली आणि तिच्या हाताला हात लावून आत गेली. मग ईरम्मा, मग बाकीच्या. एकेक बाई तिच्या हाताला हात लावून आत गेली. ज्या दोघी निघून चालल्या होत्या, त्याही कोपऱ्यावरून परत आल्या. मदिनाबी शेवटची आत आली.

साहेबांनी हात मोजले. चौऱ्याहत्तर. परत मोजा म्हटलं, परत चौऱ्याहत्तर. जागा आमची झाली. मोडनिंबची गाडी चुकली का ते मी विचारलं नाही.

मग साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, "सभेची बदललेली वेळ सभासदांना कुणी कळवली? इतिवृत्तात लिहावं लागेल."

मी पेन उचलला आणि थांबले. नाव घ्यायचं नाही, असं कबूल केलं होतं. मदिनाबी पदर डोळ्यांपर्यंत ओढून खाली बघत बसली.  साहेब म्हणाला, "कुणी कळवली ते लिहा ना, सोसायटीनं गडी लावला होता का?"

खिडकीच्या बाहेर, गजांना धरून पीरसाब उभा होता. आत यायची त्याची हिंमत झाली नव्हती. तो खाकरला. मला वाटलं, झालं, आता सलाम, नमस्कार, शरणार्थी.

"मदिनाबीनं कळवलं," पीरसाब म्हणाला. "माझी बायको हाय."

पुढं काहीच बोलला नाही. मी नाव लिहिलं. लिहिताना मला रडू आलं, आणि पीरसाबच्या बोलण्यानं आपल्याला रडू यावं, याचा मला फार राग आला.